ठिबकची चारी खोदण्याआधी नकाशा काढा. शेवटच्या झाडाला पाणी पोचेल का, ते आधीच कळतं

ठिबक बसवलं, मोटार चालू केली, विहिरीजवळची झाडं तरारली आणि लांबची मात्र सुकत राहिली. अशी तक्रार गावोगावी ऐकू येते. बऱ्याचदा दोष नळीचा किंवा मोटारीचा नसतो. सबमेन कुठून न्यायची आणि लॅटरल किती लांब ठेवायची, हे बांधावर उभं राहून अंदाजाने ठरवलेलं असतं. चारी बुजल्यावर ते बदलायचं म्हणजे दुप्पट खर्च. तेच काम आधी संगणकावर कॅडमध्ये मांडलं तर चूक कागदावरच सापडते. ते कसं करायचं, हे एकरभर शेताचं उदाहरण घेऊन पाहू.

शेत असं आहे

बांध सोडून शेत ८० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद आहे, म्हणजे जवळपास एक एकर. विहीर एका कोपऱ्यात आहे. टोमॅटोचे बेड लांबीच्या दिशेने, सव्वा मीटर अंतरावर. नळी १६ मिलिमीटरची इनलाइन, दर ५० सेंटिमीटरला एक ड्रिपर, ताशी ४ लिटरचा. मोटार ३ एचपीची.

आधी टेप, मग संगणक

मोबाईलमधल्या जीपीएसने क्षेत्रफळाचा अंदाज येतो, पण त्यात काही मीटरचा फरक पडू शकतो. पाइप विकत घ्यायला ते माप चालत नाही. टेपने चारही बाजू मोजाव्यात आणि एक कर्णही मोजावा. बहुतेक जण कर्ण सोडून देतात. ८० बाय ५० चं शेत खरंच काटकोनात असेल तर कर्ण ९४.३ मीटर भरतो. ९२ भरला तर शेत तिरकं आहे, आणि चौकोन धरून काढलेल्या नकाशातल्या नळ्या एका बाजूला कमी पडतील, दुसरीकडे उरतील.

चढ-उतारही मोजून ठेवावा. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी त्यासाठी पुरते. आपल्या उदाहरणात ५० मीटरच्या बाजूने, विहिरीकडून पलीकडे, ६० सेंटिमीटर उतार आहे. ८० मीटरच्या दिशेने जमीन सपाट आहे. म्हणजे लॅटरल सपाटीवरून जातील, ही चांगली गोष्ट.

तिसरं माप मोटारीचं. उघड्या पाइपातून ड्रम भरून पाहिला तर पाणी जास्त दिसतं आणि फसगत होते. डिलिव्हरीवर प्रेशर गेज लावून व्हॉल्व्ह इतका दाबावा की काटा २ किलोवर थांबेल. मग २०० लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते पाहावं. २ किलोच का? ड्रिपरला १ किलो हवा, फिल्टर घाण झाला की अर्धा किलो खातो, उरलेला अर्धा मेन, सबमेन, व्हॉल्व्ह आणि जोडण्यांत जातो. इथे ड्रम ५० सेकंदांत भरला, म्हणजे ताशी १४,४०० लिटर. ही चाचणी उन्हाळ्यात, विहिरीचं पाणी खाली गेलेलं असताना केलेली बरी.

कॅडमध्ये शेत उभं करणं

लिब्रेकॅड हा प्रोग्रॅम फुकट मिळतो, ऑटोकॅडला पैसे पडतात. दोन्हींत रेघ, वर्तुळ आणि समांतर रेघ काढायची सोय सारखीच आहे. लॅपटॉप लागतो. घरात नसेल तर आयटीआय किंवा डिप्लोमा करणारं गावातलं पोर हे काम तासाभरात करतं. मापं मात्र आपली हवीत.

सुरुवातीलाच एकक मीटर ठरवून घ्यावं. विहिरीचा कोपरा शून्य धरून तिथून ८० मीटरची रेघ ओढावी. ऑटोकॅडमध्ये असं टाइप करतात:

```
LINE
0,0
80,0
```

आता कर्णाचा उपयोग होतो. रेघेच्या विहिरीकडच्या टोकावर ५० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि दुसऱ्या टोकावर कर्णाच्या मापाचं. दोन्ही वर्तुळं शेताच्या बाजूला जिथे छेदतात तो तिसरा कोपरा. चौथा कोपराही असाच, उरलेल्या दोन बाजूंची वर्तुळं काढून मिळतो. वाकडंतिकडं शेत असलं तरी याच पद्धतीने हुबेहूब उतरतं.

विहीर, मेन, सबमेन आणि लॅटरल यांचे वेगवेगळे लेयर करून प्रत्येकाला वेगळा रंग द्यावा. मग पहिली लॅटरल बांधापासून ६२ सेंटिमीटर आत काढायची आणि `OFFSET` मध्ये 1.25 देऊन पुढच्या समांतर रेघा पाडत जायचं. ५० मीटर रुंदीत ४० ओळी बसतात. हद्दीबाहेर गेलेली रेघ `TRIM` ने छाटावी.

ओळी ४० आणि प्रत्येक ८० मीटरची, म्हणजे ३,२०० मीटर नळी. मीटरला दोन ड्रिपर धरले तर ६,४०० ड्रिपर आणि ताशी २५,६०० लिटर पाणी. मोटार देते १४,४००. म्हणजे सगळं शेत एकदम भिजणार नाही. २०-२० ओळींचे दोन भाग आणि दोन व्हॉल्व्ह हवेत. एका भागाला ताशी १२,८०० लिटर लागतात, ते मोटारीच्या आवाक्यात आहे. हा हिशेब न करता सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले की दाब पडतो आणि लांबची झाडं उपाशी राहतात.

सबमेन कडेला की मधून?

खरा निर्णय इथे आहे. नकाशाची दुसरी प्रत काढून दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी मांडावेत.

पहिला पर्याय म्हणजे सबमेन विहिरीच्या बाजूच्या बांधाला लावून. चारी शेताच्या कडेने जाते आणि पाइप कमी लागतो. पण प्रत्येक लॅटरल सलग ८० मीटरची होते, १६० ड्रिपरचं ताशी ६४० लिटर पाणी तिच्या एका तोंडातून आत शिरतं. १६ मिलिमीटरच्या नळीत एवढ्या पाण्याला घर्षणातच ०.३ ते ०.४ किलो दाब जातो. सुरुवातीला १ किलो असेल तर टोकाला साधारण ०.६५ उरतो आणि शेवटच्या ड्रिपरला जवळपास पाचवा हिस्सा पाणी कमी मिळतं.

दुसऱ्या पर्यायात मेन विहिरीपासून ८० मीटरच्या बांधाने ४० मीटर पुढे न्यायची आणि तिथून ६३ मिलिमीटरची सबमेन शेताच्या मधून न्यायची. लॅटरल दोन्ही बाजूंना ४०-४० मीटरच्या होतात. नळी निम्मी झाली आणि तिच्यातलं पाणीही निम्मं झालं, त्यामुळे दाबाची घट निम्मी नाही, साधारण सातपट कमी होते. ती ०.०५ किलोच्या आसपास येते. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरमधला फरक शंभरात तीन-चारच राहतो.

यासाठी जादा काय लागतं? लॅटरल दोन्हीकडे ३,२०० मीटरच. मेन आणि सबमेन मिळून पहिल्यात ७५ मीटर, दुसऱ्यात ११५ मीटर. त्यात दुसऱ्या भागाच्या व्हॉल्व्हपर्यंत जाणारी २५ मीटर मेन धरलेली आहे. फरक ४० मीटर पाइप आणि तेवढ्या चारीचा. हा आकडा हातात असला की दुकानदाराशी आणि घरच्यांशी बोलणं सोपं जातं.

तिसरा मार्गही आहे. ताशी २ लिटरचा ड्रिपर घेतला तर ८० मीटरच्या लॅटरलमध्येही घट ०.१ किलोच्या आसपास राहते. सबमेन कडेलाच ठेवता येते आणि सगळं शेत एका वेळी भिजतं, मोटारीचा एकूण वेळ मात्र दोन भागांत पाणी देण्याइतकाच लागतो. पण कमी लिटरच्या ड्रिपरची वाट सहसा बारीक असते. विहिरीचं पाणी क्षाराचं असेल, भांड्यांवर पांढरा थर धरत असेल, तर ते लवकर चोंदतात.

कॅडला काय कळत नाही

कॅडला फक्त लांबी कळते. चढ-उतार आणि दाब कळत नाही. म्हणून कोपऱ्यांच्या पातळ्या नकाशावर आकड्यात लिहाव्यात. एक मीटर चढाला ०.१ किलो दाब जातो, तेवढ्याच उताराला मिळतो. आपल्या शेतात सबमेन ६० सेंटिमीटर उतरते, त्यामुळे तिच्यातलं घर्षण भरून निघतं. जमीन लॅटरलच्या दिशेने उतरती असती तर सबमेन मधोमध न ठेवता उंच बाजूला सरकवावी लागली असती, म्हणजे चढावरची नळी आखूड आणि उतारावरची लांब राहिली असती.

मोबाईलवर आलेल्या पीडीएफवर पट्टी लावून मोजू नये. पडद्यावर नकाशा लहान-मोठा होतो. प्रत्येक माप आकड्यात लिहून घ्यावं. काढणाऱ्याला `DIST` ने एक ओळखीची बाजू मोजून दाखवायला सांगावं. ८० ऐवजी दुसराच आकडा आला तर एकक चुकलंय, आणि पाइपाची सगळी यादीही चुकलेली आहे.

फिल्टर आणि गेज विहिरीजवळ, प्रत्येक सबमेनच्या टोकाला फ्लश व्हॉल्व्ह, हे नकाशात दिसलंच पाहिजे. जे नकाशात नाही ते यादीत येत नाही.

बसवल्यावर बाटलीची परीक्षा

गेज स्थिर झाल्यावर सबमेनजवळच्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकाच वेळी ६ मिनिटं भांडं ठेवावं. ताशी ४ लिटरने ४०० मिलिलिटर पाणी जमायला हवं. जवळच्यात ४०० आणि टोकाला ३८० च्या पुढे असेल तर मांडणी बरोबर. टोकाला ३६० च्या खाली गेलं तर आधी नळीचं टोक उघडून धुवावी, फिल्टर पाहावा. तरीही फरक राहिला तर लॅटरलची लांबी किंवा एकदम चालणाऱ्या ओळी जास्त आहेत. दोन्ही भांड्यांत सारखंच कमी पाणी असेल तर दोष नळीत नाही, मुळातच दाब कमी आहे.

मधून जाणारी सबमेन नांगराच्या फाळाला लागू नये म्हणून दीड ते दोन फूट खोल गाडतात. चारी बुजण्याआधी ती प्रत्यक्षात कुठून गेली ते बांधावरच्या दोन पक्क्या खुणांपासून मोजून नकाशात दुरुस्त करावं. दोन वर्षांनी ट्रॅक्टर किंवा जेसीबी शेतात उतरेल, तेव्हा पाइप कुठे आहे हे तोच नकाशा सांगेल.