ε² शून्य मानणारे अंकगणित

x³ − 2x − 5 = 0 हे समीकरण न्यूटनने 1669 सालच्या एका हस्तलिखितात सोडवले आहे. मूळ 2 च्या आसपास आहे हे दिसत असल्याने त्याने x च्या जागी 2 + p ठेवले. विस्तार केल्यावर p³ + 6p² + 10p − 1 = 0 मिळते. p लहान आहे, म्हणून त्याचा वर्ग आणि घन सोडून दिला की 10p = 1 उरते; म्हणजे p = 0.1 आणि नवा अंदाज 2.1. तीच क्रिया 2.1 पासून केली की 2.09457 येते आणि आणखी एकदा केली की 2.09455148. प्रत्येक फेरीत बरोबर अंकांची संख्या साधारण दुप्पट होते.

आज हीच पद्धत x − f(x)/f′(x) अशी लिहितात. वरच्या विस्तारातला p चा गुणक 10 म्हणजेच f चा 2 पाशी असलेला विकलज. प्रश्न असा, की f हे कागदावरचे सूत्र नसून शे-दोनशे ओळींचा प्रोग्रॅम असेल तेव्हा तो गुणक कुठून आणायचा?

सोपा मार्ग फरकाचा. एक छोटी पायरी h घेऊन (f(2+h) − f(2))/h काढायचे. न्यूटनचाच विस्तार वापरला तर हे उत्तर 10 + 6h + h² असते, म्हणजे h जेवढा लहान तेवढी चूक कमी. संगणकावर मात्र हे एका हद्दीपर्यंतच खरे असते. नेहमीच्या 64 बिटांच्या दशांश संख्यांमध्ये 2 नंतरची पुढची संख्या सुमारे 4.4 × 10⁻¹⁶ अंतरावर असते. h = 10⁻¹⁵ घेतला तर 2 + h जवळच्या उपलब्ध संख्येवर सरकतो आणि विकलज 10 ऐवजी 8.88 निघतो. h = 10⁻¹⁶ घेतला तर 2 + h पुन्हा 2 च होतो, विकलज शून्य येतो आणि पुढचा भागाकार कोसळतो. म्हणून 10⁻⁸ च्या आसपासचा h निवडण्याची प्रथा आहे. पण तीही x च्या आकारावर अवलंबून. x एक अब्ज असेल तर शेजारच्या दोन संख्यांमधले अंतरच 10⁻⁷ हून थोडे जास्त असते, तिथे 10⁻⁸ ची पायरी पडतच नाही.

ड्युअल संख्या न्यूटनने हाताने केलेली काटछाटच नियम म्हणून स्वीकारतात. विल्यम क्लिफर्डने 1873 मध्ये मांडलेल्या या संख्यांचे रूप a + bε असते. Ε शून्य नाही, पण ε² मात्र शून्य. गुणाकार नेहमीसारखाच करायचा आणि ε² चे पद टाकून द्यायचे. आता x = 2 + ε घेऊन तोच हिशेब:

```
x²          = 4 + 4ε
x³          = 8 + 12ε
2x          = 4 + 2ε
x³ − 2x − 5 = −1 + 10ε
```

एकाच फेरीत किंमत −1 आणि विकलज 10, दोन्ही हाती येतात. h कुठेच नाही, त्यामुळे 6h + h² ही चूकही नाही आणि जवळजवळ सारख्या दोन किमतींची वजाबाकीही नाही. sin, log यांसारख्या फलांसाठी नियम एकदाच लिहावे लागतात: sin(a + bε) = sin a + (b cos a)ε. बेरीज-गुणाकाराची चिन्हे नव्या प्रकारच्या संख्येसाठी पुन्हा व्याख्यित करता येतील अशा भाषेत f चा प्रोग्रॅम सहसा न बदलताच चालतो. विकलज मूळ गणनेसोबत पायरीपायरीने पुढे नेण्याच्या या रीतीवर रॉबर्ट वेंगर्टने 1964 मध्ये लेख लिहिला होता. ‘अचूक’ म्हणजे इथे पायरीची चूक नाही एवढेच. अंक गोल करण्यातली नेहमीची बारीक चूक राहतेच.

याचा फायदा फुगवून सांगण्यात अर्थ नाही. मूळ कुठे आहे ते f ठरवते, विकलज फक्त तिकडे जाण्याची दिशा आणि लांबी दाखवतो. वरच्या समीकरणात h कायम 0.1 ठेवला तरी उत्तर तेच येते; फक्त मुळाजवळ दर फेरीत चूक सुमारे अठरापटीने घटते, अंक दुप्पट होत नाहीत. h = 10⁻⁸ असेल तर फरक जाणवतही नाही. x चा आवाका आधी ठाऊक नसतो आणि h कोण निवडणार हा प्रश्न उभा राहतो, तिथे ड्युअल संख्या खऱ्या उपयोगी पडतात.

नेमका विकलजही वाईट सुरुवात सुधारत नाही. याच समीकरणात 0 पासून निघाले तर अंदाज −2.5, −1.57, −0.50, −3.82 असे भरकटतात. दुसरा सापळा प्रोग्रॅममध्येच असतो. ‘x नेमका 2 असेल तर −1 परत कर’ अशी ओळ कुणी टाकली असेल, तर ड्युअल संख्या त्या स्थिरांकाचा विकलज इमानदारीने शून्य सांगते, कारण ती गणितातल्या फलाचे नव्हे तर चाललेल्या ओळींचे विकलन करते. संशय आला तर एका साध्या बिंदूवर फरकाच्या पद्धतीने ताळा घ्यावा: सहासात अंक जुळले नाहीत तर चूक बहुधा कुठल्या तरी फलाच्या नियमात किंवा अशा एखाद्या फाट्यात असते. आणि f चा आतला कोड उपलब्धच नसेल, फक्त आकडा देऊन आकडा मिळत असेल, तर ε आत शिरू शकत नाही. तिथे फरकाचीच पद्धत वापरावी लागते.