‘एवढं एकच कर गं’ म्हणणारा पहिला ग्राहक

इंदूरमध्ये वेबसाइटचं माझं पहिलं स्वतंत्र काम घरच्या ओळखीतून आलं. बाबांच्या मित्राच्या पत्नी फराळाचे पदार्थ, मसाले, लोणची करून विकतात. त्यांना वेबसाइट हवी होती. लहानपणापासून मी त्यांना काकू म्हणते, त्यामुळे ‘नाही’ म्हणायची सवय नव्हतीच.

पाच पानं, वीस पदार्थांची माहिती आणि फोटो, मजकूर काकू देणार. चाळीस तासांचं काम धरून मी २४,००० रुपये सांगितले, म्हणजे तासाला ६००. निम्मे आगाऊ मिळाले, निम्मे काम झाल्यावर. हे सगळं बोलण्यात ठरलं, कागदावर काहीच नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यापासून फोन सुरू झाले. “अगं, फोन नंबर बदल.” दहा मिनिटांचं काम, केलं. “रंग जरा फिका वाटतोय.” केलं. “लोगो जुना झालाय, तूच बघ ना.” तेही केलं. एकही मागणी मोठी नव्हती. मग एका संध्याकाळी काकू म्हणाल्या, “वीस नको, साठही पदार्थ टाकू. आणि हिंदीतही कर, इथली गिऱ्हाइकं हिंदीच वाचतात.”

त्या रात्री पहिल्यांदा हिशोब मांडला. जास्तीचे नऊ तास आधीच गेले होते. चाळीस नवे पदार्थ, प्रत्येकी बारा मिनिटं धरली तर आठ तास. हिंदी पानांना दहा. एकूण ६७ तास, पैसे तेच २४,०००. तासाला ६०० ऐवजी जेमतेम ३५८ पडत होते. ठरलेलं काम असं हळूहळू वाढत जाणं, यालाच स्कोप क्रीप म्हणतात. यात काकूंची लबाडी नव्हती. काय ठरलंय आणि काय नाही, हे त्यांना दिसेल असं मी कुठे लिहिलंच नव्हतं.

आता नकार दिला तर नातं दुखावणार आणि गप्प बसले तर मीच कुढत राहणार. म्हणून मी नकार न देता पर्याय दिले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर लिहिलं:

“काकू, दोन्ही कल्पना छान आहेत. आपलं ठरलं होतं पाच पानं आणि वीस पदार्थ. चाळीस पदार्थ वाढवायला ४,८०० रुपये आणि चार दिवस जास्त लागतील. हिंदी पानांना ६,००० आणि पाच दिवस. दोन्ही आत्ता करू, की एक आत्ता आणि एक दिवाळीनंतर? की आधी ठरल्याप्रमाणे वीस पदार्थांवरच साइट सुरू करू? तुम्ही सांगाल तसं. तुमचा होकार आला की कामाला लागते.”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. होकाराआधी काम केलं की त्याचे पैसे मागणं अवघड होतं. म्हणूनच झालेल्या नऊ तासांचे पैसे मी मागितले नाहीत. पण बिलात तशी ओळ लिहिली: ‘लोगो आणि इतर बदल, ९ तास, ५,४०० रुपये, सवलत ५,४००.’ फुकट दिलेल्या कामाची किंमत दिसली, तरच ती भेट ठरते. नाहीतर तो पुढच्या वेळचा हक्क होतो.

काकूंचा फोन आला. “एवढं काम असतं होय यात? मला वाटलं, बटण दाबलं की झालं!” पदार्थ त्यांनी लगेच वाढवले, हिंदी दिवाळीनंतर केलं. शेवटी ६७ तासांचे ३४,८०० रुपये मिळाले, म्हणजे तासाला साधारण ५१९. सहाशे नाहीत, पण माझ्या नऊ तासांच्या धड्याची ती फी समजते.

आता कुठल्याही कामाआधी अर्ध्या पानाचा मजकूर पाठवते: काय करणार, काय नाही, दुरुस्तीच्या किती फेऱ्या (मी दोन ठेवते), मजकूर कोण आणि कधीपर्यंत देणार, जास्तीच्या तासाचा दर किती. फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी दोन ओळी लिहून पाठवते. जास्तीच्या कामाचे तास फुकट असले तरी वहीत टिपते.

एक पथ्य मात्र पाळते. चूक माझी असेल, फोटो मोबाइलवर कापला जात असेल, तर ती दुरुस्ती जास्तीचं काम नव्हे, ती विनामूल्यच. आणि माझ्या लिहिण्यातच संदिग्धता असेल, तर वाढीव खर्च अर्धा मी सोसते. हे पाळलं की बाकीच्या वेळी पैसे मागताना जीभ अडखळत नाही.

यंदा काकूंनी त्यांच्या बहिणीचं काम माझ्याकडे पाठवलं. सोबत बजावलं होतं, “आधी तिच्याकडून सगळं लिहून घे हं!”