फोन बिझी, की आपण ब्लॉक?

हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये रात्री दहानंतर हमखास ऐकू येणारं एक वाक्य म्हणजे "अरे, त्यानं मला ब्लॉक केलंय!" पुरावा काय, म्हणून विचारावं, तर उत्तर येतं, "सारखा बिझी लागतोय." आता बिझी लागणं हा पुरावा आहे का? थोडासा आहे, पुरता नाही. का, ते बघू.

आधी एक गैरसमज दूर करू. आपण फोन लावल्यावर कानात जी ट्रिंग ट्रिंग येते, ती समोरच्याच्या फोनमधून येत नाही. त्याचा फोन नेटवर्कला फक्त एवढंच कळवतो की "मी वाजतोय." फोर-जीवरच्या कॉलमध्ये या निरोपाचं नाव आहे `180 Ringing`. हा निरोप मिळाला की नेटवर्क किंवा आपलाच फोन आपल्या कानात ती ट्रिंग वाजवतो. (कॉलर ट्यून असेल तर नेटवर्क गाणं लावतं. समोरच्याच्या खिशात काही ते गाणं वाजत नसतं!) म्हणजे आपण ऐकतो ती ट्रिंग, आणि त्याच्या टेबलावर वाजते ती रिंगटोन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक चालू असताना दुसरी बंद असू शकते. सगळी गंमत इथेच आहे.

ब्लॉकमध्ये काय होतं? आपण फोनमध्ये एखादा नंबर ब्लॉक करतो तेव्हा कंपनीला त्याची काहीच खबर नसते. यादी आपल्या हँडसेटमध्ये असते. त्यामुळे कॉल नेहमीसारखा टॉवरपर्यंत आणि तिथून फोनपर्यंत येतोच. फोन नंबर बघतो, यादीशी ताडून पाहतो आणि आपल्या वतीने लाल बटण दाबतो. नेटवर्कला एवढंच कळतं की कॉल नाकारला. मग ते लावणाऱ्याला बिझीचा टोन देतं, किंवा ती व्यक्ती व्यस्त आहे अशी बाई बोलते. यादी तपासायला लागतो त्या क्षणभरात अर्धी-एक ट्रिंग निसटून कानावर पडते, कधी तीही नाही. "तुम्हाला ब्लॉक केलं आहे" असं मात्र कोणीच सांगत नाही. सांगणार कोण? नेटवर्कलाच ते माहीत नाही.

म्हणूनच ब्लॉक केलेला फोन आणि हातानं कट केलेला फोन लावणाऱ्याला जवळजवळ सारखाच ऐकू येतो. समोरचा लेक्चरला बसून प्रत्येक वेळी फोन कापत असेल, तरीही तुम्हाला हेच ऐकू येईल. तो दुसऱ्या कॉलवर असेल आणि त्याचं कॉल वेटिंग बंद असेल, तरीही हेच. एका बिझीवरून मैत्री तोडू नये, एवढंच. सकाळी, दुपारी, रात्री, चार दिवस दर वेळी दोन-तीन सेकंदांत हेच झालं, तर मात्र संशयाला जागा आहे.

आता सायलेंट. अनोळखी नंबर गप्प करणं ही वेगळीच गोष्ट आहे. अँड्रॉइडवर ते बहुधा 'डू नॉट डिस्टर्ब' लावून, फक्त कॉन्टॅक्टमधल्यांनाच वाजू द्या असं सांगून करतात. इथे फोन कॉल नाकारत नाही. "मी वाजतोय" असं नेटवर्कला कळवतो आणि तोंड मिटून बसतो. लावणाऱ्याला पूर्ण रिंग ऐकू येते. किती वेळ? कोणी उचललं नाही तर मोबाइलवर ३० सेकंद आणि लँडलाइनवर ६० सेकंद रिंग गेली पाहिजे, असं ट्रायनं २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ठरवून दिलं. कंपन्यांनी आपसातल्या पैशांच्या भांडणात रिंग आखूड केली होती, म्हणून हे करावं लागलं. त्यानंतर उत्तर मिळत नाही अशी सूचना येते, आणि इकडे मिस्ड कॉल पडतो.

कॉम्प्युटरच्या मंडळींसाठी: अँड्रॉइडमध्ये कॉल गाळणारं ॲप लिहिलं तर फरक एवढाच दिसतो. ब्लॉक असा:

```
.setDisallowCall(true)
.setRejectCall(true)
```

आणि गप्प करणं असं:

```
.setSilenceCall(true)
```

दुसऱ्यात `Reject` नाही. सगळा फरक त्यातच आला.

हा फरक कधी अंगाशी येतो ते पाहा. समजा, रात्री अकरा वाजता गावाकडून वडील निघालेत, त्यांची बॅटरी संपली आहे आणि एसटी स्टँडवर कुणा भल्या माणसाच्या मोबाइलवरून ते मुलाला फोन लावतात. मुलाच्या फोनवर डू नॉट डिस्टर्ब आहे. पहिला कॉल ३० सेकंद जातो, मुलाला काही ऐकू येत नाही. वडिलांना वाटतं, झोपला असेल, पुन्हा लावू. आणि इथे अँड्रॉइडची एक चांगली सोय कामाला येते: त्याच नंबरावरून १५ मिनिटांच्या आत दुसरा कॉल आला तर तो वाजू द्यायचा. आयफोनवर हीच मुदत ३ मिनिटांची आहे. ही सोय सेटिंगमध्ये चालू असेल तर दुसऱ्या कॉलला फोन वाजतो. नसली तरी सकाळी मिस्ड कॉल दिसतो.

आता समजा, तोच नंबर मुलानं कधीतरी चुकून ब्लॉक केला होता. वडील दहा वेळा लावतील, दहाही वेळा बिझी. रात्री अकराला हा कोणाशी एवढा बोलतोय, असा प्रश्न त्यांना पडणार! ब्लॉकला पुन्हा-पुन्हा लावण्याची सवलत नाही, आणि बऱ्याच फोनवर मुलाला ते दहा कॉल समोर दिसणारही नाहीत. प्लेसमेंटच्या दिवसांत तर अनोळखी नंबर ब्लॉक करत सुटणं माझ्या मते शुद्ध वेडेपणा आहे. गप्प करा, आणि दिवसातून दोनदा मिस्ड कॉल बघा.

एक फसवी जागा सांगतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ब्लॉकच्या यादीजवळच `Unknown` असं एक बटण असतं. कॉन्टॅक्टमध्ये नसलेले सगळे नंबर यानं बंद होतील असं पोरं समजतात. तसं नाही. तिथे `Unknown` म्हणजे ज्याचा नंबरच दिसत नाही, लपवलेला आहे, असा कॉल. क्रेडिट कार्डवाला नंबर दाखवूनच फोन करतो, तेव्हा तो बिनधास्त वाजणार. बटण दाबूनही फोन येतात अशी तक्रार असेल, तर आधी हे तपासा.

अमेरिकेत गेलेल्या सीनियरांचा आयफोन वेगळं वागतो, कारण तिथे व्हॉइसमेल असतो. ब्लॉक केलेला कॉल थेट व्हॉइसमेलला जातो आणि निरोप वेगळ्या कप्प्यात पडतो. गप्प केलेला अनोळखी कॉलही व्हॉइसमेललाच जातो, पण अलीकडच्या कॉलच्या यादीत दिसतो. म्हणजे तिथे फरक ऐकणाऱ्याला कमी आणि मालकाला जास्त कळतो.

प्रयोग करायचा असेल तर स्वतःच्याच फोनवर करा. रूममेटला घड्याळ लावून तीनदा फोन करायला सांगा: एकदा न उचलता, एकदा त्याचा नंबर ब्लॉक करून, एकदा तो कॉन्टॅक्टमधून काढून आणि डू नॉट डिस्टर्ब लावून. पहिला आणि तिसरा सारखेच भरतील, मधला लगेच संपेल. मधला संपला नाही आणि भलत्याच कुणी फोन उचलला, तर तुमच्या फोनवर 'बिझी असताना फॉरवर्ड' चालू आहे. नाकारलेला कॉल नेटवर्क बिझीतच धरतं, त्यामुळे ब्लॉक केलेला माणूस फॉरवर्डच्या नंबरावर, म्हणजे कदाचित तुमच्या घरी, जाऊन पोचतो.