पंधरा शब्दांच्या नामसाखळीचा विग्रह

पदार्थविज्ञानातल्या इंग्रजी शोधनिबंधाचा सारांश साधारण दोनशे-अडीचशे शब्दांचा असतो. तो मराठीत आणायला घेतला की परिभाषेची अडचण आधी जाणवते, पण कोश हाताशी असले तर ती बरीचशी सुटते. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांत भौतिकशास्त्राचे आणि धातुशास्त्राचे शब्द सापडतात. शब्द हाती आले तरी वाक्य अडून बसते, ते एकामागे एक लावलेल्या नामांमुळे.

एक नमुना घेऊ. या क्षेत्रातल्या सारांशांत असतात तशा धाटणीचा तो मुद्दाम रचला आहे : ‘स्प्रे डिपॉझिटेड थ्री ॲटॉमिक पर्सेंट अल्युमिनियम डोप्ड झिंक ऑक्साइड थिन फिल्म गॅस सेन्सर रिस्पॉन्स टाइम’. पंधरा शब्द झाले, पण त्यांत क्रियापद नाही आणि एकही शब्दयोगी अव्यय नाही.

यामागची प्रयोगशाळेतली गोष्ट अशी. जस्ताचा एखादा क्षार, बहुधा झिंक ॲसिटेट, विरघळवून त्यात थोडा अल्युमिनियमचा क्षार घालतात. साधारण ३५० ते ४५० अंश सेल्सिअसला तापवलेल्या काचेवर या द्रावणाचा बारीक फवारा मारतात. काचेवर क्षाराचे विघटन होऊन झिंक ऑक्साइडचा पातळ थर बसतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या पद्धतीने ऑक्साइडांचे थर बनवण्याचे काम कित्येक वर्षे चालू आहे. हवेतला ऑक्सिजन थराच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. अल्कोहोलसारखी वाफ आली की तिची या ऑक्सिजनशी क्रिया होते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि थराचा विद्युत्‌रोध उतरतो. हा बदल पूर्ण व्हायला लागणारा वेळ म्हणजे प्रतिसादकाळ. तो सहसा एकूण बदलाच्या ९० टक्क्यांपर्यंत मोजतात.

आता साखळीकडे वळू. शाळेत आपण समासाचा विग्रह शिकलो, तोच इथे उपयोगी पडतो. इंग्रजी साखळीत शब्दांमधल्या विभक्ती लपलेल्या असतात आणि मराठीत त्या उघड लिहाव्या लागतात. म्हणून प्रत्येक सांध्यावर थांबून विचारायचे : कशाचा, कशाने, कशासाठी, कशात?

सुरुवात शेवटून करावी, कारण मुख्य नाम शेवटी असते. इथे ते ‘टाइम’ आहे. कशाचा काळ? प्रतिसादाचा. कुणाच्या प्रतिसादाचा? संवेदकाच्या. इथवर षष्ठी पुरते. पण ‘गॅस सेन्सर’ आणि ‘थिन फिल्म सेन्सर’ यांतले सांधे दिसायला सारखे असले, तरी अर्थाने वेगळे आहेत. पहिला वायू ओळखण्यासाठी केलेला संवेदक, तर दुसरा थरापासून बनलेला. दोन्हीकडे ‘चा’ लावला, तर वायू हे संवेदकाचे लक्ष्य आहे आणि थर हे त्याचे द्रव्य आहे, हा भेद पुसला जातो.

पुढे ‘स्प्रे डिपॉझिटेड’ कशाला लागू होते? फवारला तो थर. संवेदक फवारलेला नाही, कारण त्याला जोडलेले धातूचे विद्युतअग्र बहुधा वेगळ्या पद्धतीने बसवलेले असतात. ‘फवारलेला संवेदक’ असे लिहिले, तर प्रयोगाची चुकीची माहिती छापली जाईल. ‘डोप्ड’ हे विशेषण झिंक ऑक्साइडचे आहे. त्याचा अर्थ नुसते मिसळणे नव्हे. अल्युमिनियमचे अणू स्फटिकात जस्ताच्या काही जागा घेतात आणि प्रत्येकी एक जादा इलेक्ट्रॉन देऊ शकतात. ‘मिश्रित’ म्हटले, तर दोन भुकट्या एकत्र केल्याचा भास होतो. म्हणून ‘डोपित’ हा शब्द ठेवून त्याचा अर्थ पहिल्या उल्लेखातच सांगणे मला बरे वाटते.

सर्वांत नाजूक सांधा ‘थ्री ॲटॉमिक पर्सेंट’चा. हे तीन टक्के अणूंच्या संख्येचे आहेत, वजनाचे नाहीत. अल्युमिनियमचा अणू जस्ताच्या अणूच्या निम्म्याहूनही हलका असतो. त्यामुळे दोन्ही धातूंच्या मिळून १०० अणूंत ३ अणू अल्युमिनियमचे असले, तरी त्या धातूंच्या वजनात अल्युमिनियमचा वाटा जेमतेम सव्वा टक्का भरतो. नुसते ‘३ टक्के’ लिहिले, तर वाचक वजन धरेल आणि आकडा दुपटीहून अधिक चुकेल. शिवाय हे प्रमाण द्रावणातले की तयार थरातले? फवारलेल्या थरांबाबत बऱ्याचदा द्रावणातला आकडा दिलेला असतो आणि थरात तेवढेच अल्युमिनियम उतरते असे नाही. याचे उत्तर साखळीत सापडत नाही. निबंधातला प्रयोगपद्धतीचा भाग उघडावा लागतो, आणि तिथेही नसेल तर लेखकाला विचारावे लागते.

विग्रह झाला, आता मांडणी. इथे दोन खड्डे आहेत. एक, सगळे सांधे षष्ठीने जोडणे : ‘ऑक्साइडच्या थराच्या संवेदकाच्या प्रतिसादाच्या काळाचा’. तिसऱ्या ‘च्या’पाशी वाचक काय कशाचे हे विसरतो. दुसरा, संस्कृत वळणाचा एकच समास करणे : ‘अल्युमिनियमडोपितजस्तऑक्साइडतनुस्तरवायुसंवेदकप्रतिसादकाल’. यात विभक्ती पुन्हा लपल्या, म्हणजे केलेला विग्रह वाया गेला. यावर उपाय म्हणजे क्रियापदे परत आणणे. ‘डिपॉझिटेड’ आणि ‘डोप्ड’ यांच्या पोटात क्रियाच आहेत, त्यांना त्यांची वाक्ये द्यावीत :

‘काचेवर फवारा-पद्धतीने अल्युमिनियम-डोपित झिंक ऑक्साइडचा, म्हणजे काही जस्त-अणूंच्या जागी अल्युमिनियमचे अणू असलेल्या झिंक ऑक्साइडचा, पातळ थर बसवून त्यापासून वायुसंवेदक तयार केला. फवारणीच्या द्रावणात दोन्ही धातूंच्या मिळून दर १०० अणूंमागे ३ अणू अल्युमिनियमचे होते. या संवेदकाचा प्रतिसादकाळ मोजला.’

पहिल्या वाक्यात ओळख झाली की पुढे सबंध सारांशभर ‘हा संवेदक’ पुरते. साखळी पुन्हा पुन्हा लिहिण्यात जाणारे शब्द वाचतात आणि विग्रहामुळे वाढलेली लांबी बरीचशी भरून निघते. झिंक ऑक्साइड, पातळ थर, वायुसंवेदक या जोड्या मात्र फोडू नयेत. ती वस्तूंची नावे आहेत.

शीर्षकात ही मोकळीक मिळत नाही, कारण तिथे क्रियापद सहसा नसते. तिथे अपूर्णविराम कामी येतो : ‘अल्युमिनियम-डोपित झिंक ऑक्साइडचा वायुसंवेदक : प्रतिसादकाळाचा अभ्यास’. फवारा आणि टक्केवारी शीर्षकातून काढून सारांशात ठेवावी.

वाक्ये सुटी करताना एक जोखीम असते. दोन वाक्यांमध्ये ‘त्यामुळे’ घालण्याचा मोह होतो. थर जास्त तापवल्यावर स्फटिककण मोठे झाले आणि प्रतिसादकाळही घटला, एवढेच मूळ लेखक सांगत असेल, तर ‘कण मोठे झाल्यामुळे काळ घटला’ हा दावा अनुवादकाने स्वतः केलेला ठरतो. साखळीत ‘इंड्यूस्ड’ असेल तर कार्यकारणभाव लेखकाचा आहे. ‘डिपेंडंट’ असेल तर फक्त ‘तापमानानुसार बदलणारा’ असे लिहावे, आणि वाढला की घटला हे आकड्यांवरून ठरवावे.

अनुवाद उतरला की तो विषय जाणणाऱ्या, पण मूळ न वाचलेल्या माणसाला द्यावा आणि विचारावे : काय फवारले, कशावर फवारले, तीन टक्के कशात, काळ कशाचा? चारही उत्तरे मुळाशी जुळली तर काम झाले. एखादे उत्तर चाचरत आले, तर त्या सांध्यावरची विभक्ती राहून गेली आहे असे समजावे.

म्हणून संशोधकांना आणि नियतकालिकांच्या संपादकांना एक विनंती आहे. अनुवादकाकडे सारांश एकटा पाठवू नका, सोबत प्रयोगपद्धतीची पाने द्या आणि शंका विचारता येईल असा लेखकाचा पत्ताही द्या. निम्म्या सांध्यांची उत्तरे त्या पानांतच असतात.