सुगरणीचा खोपा : विणकर कोण आणि पारखी कोण

भिलाईसारख्या गावी, जेथे घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलली जाते, तेथे एकाच पक्ष्याला दोन लिंगे लाभतात. हिंदीतला ‘बया’ पुल्लिंगी, तर मराठीतली ‘सुगरण’ स्त्रीलिंगी. बहिणाबाई चौधरींच्या प्रसिद्ध कवितेतही खोप्याचे श्रेय मादीलाच, पिलांच्या आईला, मिळाले आहे. निसर्गातला व्यवहार मात्र हिंदी शब्दाच्या बाजूचा आहे. खोपा विणतो तो नर.

ही गोष्ट नेमकेपणाने उलगडली ती कोकणात. 1930 साली सालीम अली अलिबागजवळच्या किहीम येथे राहत असताना घराजवळच्या वसाहतीतील प्रत्येक खोप्याचा इतिहास त्यांनी नोंदवून ठेवला आणि 1931 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांना दिसले ते असे : पावसाळ्याच्या तोंडाशी नर भाताच्या, उसाच्या किंवा शिंदीच्या पात्याला चोचीने खाच पाडतो, ती कड धरून उडतो आणि लांब हिरवी चिरफळी सोलून आणतो. हिरवी असते तोवरच ती वळते, गाठ घेते. म्हणून काम थांबवून चालत नाही. आधी फांदीला देठ गुंडाळायचा, मग त्याखाली कडे विणायचे, आणि कड्याच्या एका अंगास अंड्यांची खोली फुगवायची. या अवस्थेत खोपा खालून उघड्या शिरस्त्राणासारखा दिसतो. नर येथेच थांबतो.

कारण आता परीक्षा असते. माद्या थव्याने येतात, नर पंख फडफडवून बोलावतो. मादी आत शिरते, विणीला चोचीने ओढून पाहते आणि बहुधा निघून जाते. एखादीने घर पत्करले तरच नर खोली बंद करून खाली लोंबणारी प्रवेशनळी विणतो. ती पुरी होताच तो दुसरा खोपा आरंभतो, दुसऱ्या मादीसाठी. नाकारलेले अर्धे खोपे झाडावर तसेच वाळत राहतात. अर्ध्यावर थांबण्यातला हिशेब उघड आहे : न पसंत पडणाऱ्या घरावर नळीचे श्रम कोण घालील?

मादी पारखते तरी काय? आपल्याला वाटते, विणीचे सौंदर्य. सुहेल क्वादर यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र विणीपेक्षा जागेला अधिक वजन आढळले. उंचावरच्या खोप्यांना पसंती होती. अंडी उबविणे आणि पिलांना भरविण्याचा बहुतेक भार मादीवरच पडतो, तेव्हा तिने आधी सुरक्षितता पाहावी हे स्वाभाविकच. खोपा लोंबता असण्याचे कारणही हेच. काटेरी बाभळीच्या किंवा विहिरीवर झुकलेल्या डहाळीच्या टोकाशी साप आणि उंदीर सहजी पोहोचत नाहीत, आणि खाली तोंड असलेल्या नळीतून आत शिरणे कठीण होते. तरीही कावळे कधी वीण फाडतात, वादळ खोपे पाडते.

मराठी शब्द अगदीच चुकला असे मात्र म्हणवत नाही. कसब नराचे असले, तरी कोणता खोपा पुरा व्हावा हे सुगरणच ठरविते.