भुवयांचा दोरा आणि हिशेबाची वही

कराडसारख्या तालुक्याच्या गावातलं एक घर डोळ्यांपुढे आणा. घर कल्पनेतलं आहे आणि त्यातले रुपयेही उदाहरणापुरते. पण तिथे जे घडतं ते गल्लोगल्लीच्या घरगुती पार्लरांत घडत असतं. घरातल्या सुनेने सहा महिन्यांचा कोर्स केला, गॅलरीलगतच्या खोलीत आरसा लावला, एक खुर्ची ठेवली आणि दारावर पाटी लावली. सासूबाईंचं म्हणणं, दिवसभर परकी माणसं घरात, दार सताड उघडं आणि ब्लीचचा वास थेट देवघरापर्यंत. नवऱ्याने विरोध केला नाही, पण ‘तेवढाच तुझा वेळ जाईल’ म्हणाला. हे वाक्य तिला सासूबाईंच्या तक्रारीपेक्षा जास्त लागलं.

सासूबाईंच्या तक्रारीत तथ्य होतं. शेजारणी दुपारी जेवणाच्या वेळी ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणत भुवया करायला येत. कुकरच्या शिट्ट्या होत असायच्या आणि दोरा दातांत असायचा. नात्यातल्या बायकांकडून पैसे कसे मागायचे? बाकीच्या म्हणायच्या, ‘पहिल्या तारखेला देते.’ महिनाअखेरीस डब्यात नोटा दिसायच्या, म्हणून धंदा चाललाय असं वाटायचं.

मग तिने वही घातली. एका महिन्यात काम झालं होतं 11,600 रुपयांचं. त्यातलं फुकट आणि उधारीवर गेलेलं 2,200 चं, म्हणजे हातात आले 9,400. वॅक्स, फेशियलचं सामान, ब्लीच यांवर 3,100 गेले. कापूस, टॉवेल, वीज यांवर 1,200. उरले 5,100. तास मोजले तर 75 भरले. तासाला अडुसष्ट रुपये. नवऱ्याला ती ‘वेळ जाईल’ का म्हणत होता हे आता आकड्यांत दिसत होतं, आणि तिलाही.

वहीने दुसरीही एक गोष्ट दाखवली. भुवयांना सामान जवळजवळ लागतच नाही, दहा मिनिटांत चाळीस रुपये सुटतात. म्हणून तिला ते सर्वांत फायद्याचं काम वाटायचं. पण त्या बायका एकेक करून, कधीही येत आणि प्रत्येक वेळी हातातलं काम मोडत. पूर्ण हातांचं वॅक्स अर्ध्या तासात होतं. अडीचशे रुपयांतून साठाचं सामान वजा जाता 190 उरतात, म्हणजे तासाला 380. सहाशेच्या फेशियलला सव्वा तास लागतो आणि सामानाचे 120 जातात. तासाचा हिशेब जवळपास तोच. तेव्हा कमाईचं खरं दुखणं दरात नव्हतं, मधल्या तुटक वेळात होतं. तिने वेळ ठरवली: सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, आधी फोन करून. भुवयांसाठी वेगळा तास. दरपत्रक भिंतीवर, नातेवाइकांनाही तेच. दार गॅलरीकडून, मध्ये जाड पडदा, आणि खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा. पडदा आणि पंखा हे सासूबाईंच्या तक्रारीला दिलेलं उत्तर होतं, आणि शब्दांनी दिलेल्या कोणत्याही उत्तरापेक्षा ते लवकर पटलं.

गावात मान मिळतो तो मात्र वेगळ्या कारणाने. ऐन लग्नसराईत एक बाई संध्याकाळी आली: उद्या भाचीची हळद आहे, केस आत्ताच काळे करून द्या. सुनेने नकार दिला. काळ्या हेअर डायमध्ये बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं आणि काहींच्या त्वचेला त्याची तीव्र ॲलर्जी होते. म्हणून डायचा थेंब कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास वाट पाहायची असते. खाज, लाली किंवा सूज आली तर तो डाय त्या व्यक्तीला कधीच लावायचा नाही. पूर्वी लावलेला चालला होता एवढ्याने भागत नाही, कारण ही ॲलर्जी वर्षांनंतरही उपटू शकते. हातावर झटपट काळी रंगणारी मेंदी लावून कधी फोड आले होते का, हेही विचारावं लागतं, कारण त्या मेंदीतही अनेकदा हेच रसायन मिसळलेलं असतं.

‘चालून आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलंस!’ सासूबाई म्हणाल्या. ती बाई रागावून गेली, पण जाताना कोपरावर थेंब लावून घेतला होता. दुसऱ्या दिवशी कोपर लाल झालं. हळदीच्या मांडवात तिने ते चार जणींना दाखवलं, आणि पुढच्या आठवड्यात त्या चौघींतल्या तिघी आल्या.

दुसरा नकार पैशाच्या दृष्टीने जड होता. एक विक्रेता गोरं करणाऱ्या क्रीमच्या डब्या घेऊन आला. डबीमागे शंभर रुपये सुटणार होते. पण डबीवर कंपनीचा पत्ता नव्हता, परवाना क्रमांक नव्हता, बॅच नव्हती. अशा क्रीमचं काय होऊ शकतं हे अकोल्याच्या एका घटनेने दाखवलं आहे. 2023 साली तिथल्या एका घरातल्या मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला मूत्रपिंडाचा विकार झाल्याचं समोर आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत संशय आला तो स्थानिक ब्यूटीशियनकडून घेतलेल्या क्रीमवर, कारण त्यात पारा होता. पारा त्वचेचा रंग उतरवतो, पण तिच्यातून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. आठवड्याभरात चेहरा उजळवणारी निनावी डबी दिसली की संशय घ्यायला तेवढं पुरेसं आहे. डब्या परत गेल्या.

वर्षभराने तिला चांगली खुर्ची, स्टीमर आणि हत्यारं निर्जंतुक करायची पेटी हवी होती. मुद्रा योजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंतचं कर्ज तारण न ठेवता मिळतं. बँकेने खात्याचा उतारा मागितला, आणि तिथे गाडी अडली. भिंतीवरचा क्यूआर कोड नवऱ्याच्या नंबरचा होता! वर्षभराची कमाई त्याच्या खात्यात, त्याच्या पगारात मिसळून गेली होती. तिच्या नावावर धंद्याचा एकही रुपया दिसत नव्हता. घरगुती पार्लरांतली ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तिने वेगळं खातं उघडलं, कोड बदलला, फुकट होणारी उद्यम नोंदणी केली. अशा छोट्या आस्थापनेला राज्याच्या 2017 च्या कायद्यानुसार केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते; गावात अजून तिला गुमास्ताच म्हणतात, तेही केलं. सहा महिन्यांच्या नोंदी घेऊन ती पुन्हा बँकेत गेली. तीन वर्षांच्या फेडीचा हप्ता सोळा-सतराशेच्या घरात बसत होता, म्हणजे महिन्याला तीन फेशियलांएवढा.

पैसे घरचे असले तरी ते वेगळे मांडायचे, ही शिस्त मोठ्या नावांच्या सुरुवातीतही दिसते. शहनाज हुसेन यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीत स्वतःच्या घराच्या व्हरांड्यात सलून थाटलं ते वडिलांकडून 35 हजार रुपये कर्ज घेऊन. घरातून आलेला पैसा तिथेही कर्ज म्हणूनच मोजला गेला. 2006 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलीच्या व्यवसायाला पैसे देणारे वडील मात्र सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत, म्हणून तालुक्यातल्या सुनेला बँकेचाच रस्ता धरावा लागतो.

आता तिच्या वहीत महिन्याला 19 हजार उरतात आणि हप्ता त्यातून जातो. तुळशीच्या लग्नानंतर नवऱ्यांच्या बुकिंगसाठी निम्मे पैसे आगाऊ घेतले जातात, मेकअपची चाचणी वेगळ्या दिवशी होते. दुपारी सासूबाई फोन उचलतात आणि नाव-वेळ वहीत टिपून घेतात. ‘डाय करायचा असेल तर दोन दिवस आधी येऊन जा गं,’ असं त्या न सांगता सांगतात. पावसाळ्यात, कामं ओसरलेली असताना, मदतीला एक मुलगी ठेवायची की दिवाळीपर्यंत थांबायचं, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे. नवरा आता त्या मुलीच्या पगाराचं गणित मांडतोय.