६० लाखांचं घर, ४५ सेकंदांचा व्हिडिओ

“होम लोन घेताय? या तीन चुका टाळा!” गृहकर्जावरचे लहान व्हिडिओ बहुतेक याच ओळीने सुरू होतात. ओळीत खोटं काही नाही, पण हाती लागावं असंही काही नाही. चूक कोणती आणि ती कितीला पडते, हे कळायच्या आत बघणारा पुढच्या व्हिडिओवर गेलेला असतो. मग कुणी आवाज चढवतं: “ही एक चूक केलीत, तर कोणतीच बँक तुम्हाला कर्ज देणार नाही!” या ओळीवर माणूस थांबतो, पण ती धडधडीत खोटी आहे. घर घेण्याच्या काळजीत असलेल्या माणसाला अशी भीती घालू नये.

सुरुवातीच्या ओळीची माझी कसोटी साधी आहे. ती ऐकून लगेच निघून गेलेल्या माणसाकडेही एक खरी, वापरता येणारी गोष्ट राहिली पाहिजे, कारण बरेच जण तेवढंच ऐकतात. ४५ सेकंदांत सावकाश बोललं तर शंभर-सव्वाशे शब्द बसतात. तीन चुका सांगायच्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला तीसेक शब्द येतात. एवढ्या जागेत सल्ले मावत नाहीत, पण एक हिशोब नीट मावतो. म्हणून तिन्ही चुकांसाठी एकच घर घ्यावं.

घर असं धरू: पुणे महापालिका हद्दीतला, बांधकाम सुरू असलेला ६० लाखांचा फ्लॅट. घेणाऱ्याचा हातात येणारा पगार महिना १ लाख. गाडीच्या कर्जाचा १० हजारांचा हप्ता चालू आहे.

पहिली चूक हिशोबातली आहे. बँक ८० टक्के देते, म्हणजे ४८ लाख मिळाले, उरले १२ लाख. तेवढे साठले की घर झालं, असं माणूस धरून चालतो. यातला ८० टक्क्यांचा आकडा बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के रक्कम देता येते. चूक ‘किंमत’ धरण्यात होते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च या किमतीत मोजले जात नाहीत. अपवाद फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांचा. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के आहे, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी शुल्क जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम सुरू असल्यामुळे ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख. बाराचे झाले साडेएकोणीस. काही बँका जीएसटी किमतीत धरतात, पण त्या भरवशावर बुकिंग करू नये.

यावरून सुरुवातीची ओळ जवळजवळ आपोआप सुचते:

“६० लाखांचा फ्लॅट, ४८ लाखांचं कर्ज. खिशात १२ लाख हवेत? नाही, साडेएकोणीस.”

ओळ प्रश्नावर सोडलेली नाही, उत्तर तिथेच आहे. उत्तर शेवटपर्यंत दडवलं की माणूस अडकून राहतो, असं सांगणारे भेटतात. पण इथे उत्तर कळल्यावरच खरा प्रश्न उभा राहतो: हे साडेसात लाख आले कुठून? पुढचे दहा सेकंद त्यालाच द्यायचे. पडद्यावर एकाखाली एक तीन आकडे येऊ द्यावेत आणि वर कोपऱ्यात ‘पुणे, बांधकाम सुरू असलेला फ्लॅट’ एवढं कायम दिसावं. ती पाटी नसेल तर मुंबईतल्या किंवा तयार फ्लॅट घेणाऱ्या माणसासाठी हाच आकडा चुकीचा ठरतो. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकल्या जाणाऱ्या घरावर जीएसटी लागत नाही.

दुसरी चूक चालू हप्त्यांची. बँक पगार बघते, तसा पगारातून आधीच किती जातो तेही बघते. सगळ्या हप्त्यांची बेरीज हातातल्या पगाराच्या साधारण निम्म्याच्या आत राहावी, असा बऱ्याच बँकांचा ठोकताळा असतो. पगार आणि बँक बदलली की प्रमाण थोडं वरखाली होतं. आपल्या माणसाच्या १ लाखांतले ५० हजार हप्त्यांसाठी धरले आणि गाडीचे १० वजा केले, की घरासाठी ४० उरतात. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत असेल, तर एक लाखाच्या कर्जाला महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे ४० हजारांत साधारण ४६ लाखांचं कर्ज बसतं. ज्या ४८ लाखांवर सगळा हिशोब उभा होता, तेच मिळत नाहीत, आणि साडेएकोणीस लाखांवर आणखी दोनेक लाख उभे करायची वेळ येते. गाडीचा हप्ता नसता तर हीच मर्यादा साडेसत्तावन्न लाखांच्या वर गेली असती.

“१० हजारांचा हप्ता चालू आहे? गृहकर्जाची मर्यादा साडेअकरा लाखांनी खाली.”

यातला ‘मर्यादा’ हा शब्द गाळू नये. ‘कर्ज साडेअकरा लाखांनी कमी मिळतं’ असं म्हटलं, तर ज्याला २५ लाखच हवेत आणि ज्याचा पगार तेवढ्याला पुरतो, त्याला उगाच धास्ती बसते.

या चुकीवर इलाज आहे, म्हणून तिला व्हिडिओत थोडी जास्त जागा द्यावी. गाडीचे ७०-८० हजारच फेडायचे उरले असतील, तर गृहकर्जाचा अर्ज करण्याआधी ते फेडून कर्ज बंद करावं आणि बँकेकडून थकबाकी नसल्याचं पत्र घ्यावं. काही बँका शेवटचे थोडेच हप्ते उरलेलं कर्ज मोजत नाहीत. तेही आधी विचारावं. हप्ता लपवून मात्र काही साधत नाही. फोन हप्त्यावर घेतला असेल तर तोही क्रेडिट अहवालात दिसतो. मंजुरीपत्र हातात आल्यावर दुकानातून हप्त्यावर फ्रिज किंवा सोफा घेणंही त्यातलंच. पैसे देण्याआधी बँक अहवाल पुन्हा काढून पाहू शकते.

तिसऱ्या चुकीवर सगळ्यात जास्त चुकीचे व्हिडिओ निघतात. बिल्डरच्या ऑफिसात भेटलेला एजंट म्हणतो, “साहेब, चार बँकांत फाईल टाकतो, जिथे होईल तिथे घेऊ.” ऐकायला सोयीचं वाटतं. पण फाईल लॉगिन झाली की बँक तुमचा क्रेडिट अहवाल मागवते आणि ती चौकशी अहवालात नोंदली जाते. थोड्याच दिवसांत अशा चार नोंदी दिसल्या की पुढच्या बँकेला वाटतं, माणूस पैशासाठी फार घाईला आलाय किंवा त्याला इतरांनी नाकारलंय. त्याचा गुणांवरही थोडा परिणाम होतो. व्हिडिओत मात्र ‘एका अर्जाने सिबिल कोसळतो’ असं सांगतात. ते खरं नाही. एखाद-दुसऱ्या चौकशीने फारसं बिघडत नाही. आणखी एक भीती पसरलेली आहे की स्वतःचा अहवाल पाहिला तरी गुण घटतात. ते तर अजिबात खरं नाही. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम आहे. अर्ज करण्याआधी तो काढावा. बंद केलेलं कर्ज त्यात चालू दिसत असेल, तर दुरुस्ती आधी करून घ्यावी.

“चार बँकांत एकदम फाईल टाकलीत? पाचवी बँक ते बघते.”

यात धमकी नाही, जे घडतं तेवढंच आहे. पुढचं वाक्य थेट उपायाचं असावं: दर आणि खर्च चार ठिकाणी विचारा, फाईल एक-दोन ठिकाणीच द्या आणि आपल्याला विचारल्याशिवाय दुसरीकडे लॉगिन करायचं नाही, हे एजंटला मेसेजवर लिहून कळवा.

तिन्ही ओळींतली व्हिडिओच्या तोंडी एकच येते. मी पहिली निवडेन, कारण ती घर बघायला निघालेल्या प्रत्येकाला लागू आहे. बाकीच्या दोन आत, आपापल्या भागाच्या सुरुवातीला, पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतील. अनेक जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून अक्षरांतलं वाक्य बोललेल्या वाक्यापेक्षाही लहान हवं.

आता कॅप्शन. इन्स्टाग्रामवर २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण आधी वरची एखादी ओळच दिसते. बाकीचं बोटाने उघडावं लागतं. तिथे व्हिडिओतलंच वाक्य पुन्हा लिहिणं म्हणजे जागा वाया घालवणं. व्हिडिओत न मावलेल्या अटी कॅप्शनमध्ये जातात आणि पहिल्या ओळीत ‘हे जपून ठेवण्याजोगं का आहे’ ते येतं. आपल्या व्हिडिओचं कॅप्शन असं होईल:

“बुकिंगचा चेक देण्याआधी हे तीन हिशोब करा.

१. स्वतःचे पैसे: ६० लाखांच्या फ्लॅटला १२ लाख + मुद्रांक शुल्क ४.२० लाख + नोंदणी ३० हजार + जीएसटी ३ लाख = १९.५० लाख. घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, म्हणजे ६० हजार कमी. बँकेने घराचं मूल्य ६० लाखांपेक्षा कमी धरलं तर कर्जही कमी होतं.

२. चालू हप्ते: १० हजारांच्या हप्त्यामागे मर्यादा सुमारे ११.५० लाखांनी घटते (८.५ टक्के व्याज, २० वर्षं). थोडंच कर्ज उरलं असेल तर आधी बंद करा.

३. फाईल: चौकशी चार ठिकाणी, अर्ज एक-दोन ठिकाणी. स्वतःचा क्रेडिट अहवाल आधी काढा. त्याने गुण घटत नाहीत.

आकडे पुण्यातल्या बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटचे. तुमचं शहर आणि हातातला पगार लिहा, पुढचा हिशोब त्यावर करू.”

शेवटची ओळ प्रतिसाद मिळवण्यासाठी आहे, हे खरं. पण तिथे पॅन क्रमांक, फोन नंबर किंवा पगारपत्रक कुणीही टाकू नये, हे उत्तर देणाऱ्याने पहिल्याच उत्तरात लिहावं. अशा ठिकाणी भामटे टपलेले असतात. शक्य असेल तर पगाराचा नेमका आकडाही न मागता ‘५० ते ७५ हजार’ असे गट द्यावेत.

व्हिडिओसाठी बँकेने, बिल्डरने किंवा कर्ज एजंटने पैसे दिले असतील, तर ते कॅप्शनच्या तळाशी हॅशटॅगांच्या गर्दीत लपवून चालत नाही. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे ‘एएससीआय’च्या नियमानुसार १५ सेकंदांहून मोठ्या आणि दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत जाहिरातीची पाटी एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ दिसावी लागते. आपल्या ४५ सेकंदांत ती १५ सेकंद दिसेल.

आणखी एक गोष्ट व्हिडिओ टाकण्याआधी ठरवून घ्यावी. टाकलेल्या रीलमधलं चित्र आणि आवाज नंतर बदलता येत नाहीत, कॅप्शन मात्र कधीही बदलता येतं. म्हणून व्याजदरासारखे लवकर हलणारे आकडे कॅप्शनमध्ये ठेवावेत आणि तिथेच हिशोब कोणत्या महिन्याचा आहे ते लिहावं. मुद्रांक शुल्क किंवा जीएसटी बदलला, तर साडेएकोणीस लाखांची ओळच चुकते. तेव्हा कितीही लाख लोकांनी पाहिलेला असला, तरी तो व्हिडिओ काढून नवा करावा लागतो.